नावात दडवलेली चोरी : डीएनएस टनेलिंग आणि त्याचा माग

डीएनएस टनेलिंग म्हणजे डोमेनच्या नावांची चौकशी करणाऱ्या यंत्रणेतून गुपचूप दुसरीच माहिती वाहून नेणे. संगणकाला `www.maharashtra.gov.in` या नावाचा अंकी पत्ता हवा असतो, तेव्हा तो ‘डीएनएस’ला तसा प्रश्न विचारतो. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. क्वेरीचा हेतू पत्ता मिळवण्याचा असतो, पण विचारलेल्या नावात काय लिहिलेले असावे याची चौकशी कोणीच करत नाही. चोर नेमका याचाच फायदा घेतो. चोरलेली माहिती तो नावाच्याच अक्षरांत गुंफतो आणि त्या नावाचा पत्ता विचारतो. पाकीट रिकामे आणि सगळा मजकूर पत्त्याच्या ओळीत, असा हा प्रकार आहे. उत्तर काय येते याला फारसे महत्त्व उरत नाही, कारण प्रश्न पोहोचला की माल पोहोचलेला असतो.

प्रश्न चोरापर्यंत पोहोचतो कसा, हे समजण्यासाठी डीएनएसचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. ही यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली आणि 1987 मध्ये तिचे आजही चालणारे मूळ नियम ठरले. नावांचा सारा कारभार त्यात वाटून दिलेला आहे. ज्याने एखादे डोमेन नोंदवले, त्या डोमेनखालच्या सर्व नावांची उत्तरे त्यानेच नेमलेला सर्व्हर देतो. समजा `example.net` हे डोमेन चोराने नोंदवले आहे. मग त्याच्या पुढे काहीही जोडून विचारलेली क्वेरी, ते नाव अस्तित्वात असो वा नसो, शेवटी चोराच्या सर्व्हरपाशी जाते.

कार्यालयातला संगणक मात्र चोराच्या सर्व्हरशी थेट बोलत नाही. तो कार्यालयाच्याच रिझॉल्व्हरला, म्हणजे सर्वांच्या वतीने नावांची चौकशी करणाऱ्या सर्व्हरला विचारतो. तो रिझॉल्व्हर पुढे विचारत जातो आणि उत्तर आणून देतो. त्यामुळे ज्या संगणकाला इंटरनेटची वाट पूर्ण बंद केली आहे, त्याची क्वेरीसुद्धा बाहेर जाऊ शकते. फायरवॉलला फक्त आपलाच भरवशाचा रिझॉल्व्हर बाहेर बोलताना दिसतो. अनेक संस्था वेबचा आणि फाइल पाठवण्याचा मार्ग काटेकोरपणे अडवतात, पण नावांच्या चौकशीचा मार्ग खुला ठेवतात. तो बंद केला तर रोजचे काम अडते.

नावात माहिती बसवताना चोराला डीएनएसच्या मर्यादा पाळाव्या लागतात. दोन टिंबांमधला एक तुकडा 63 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि संपूर्ण नाव, टिंबे धरून, 253 अक्षरांपलीकडे जात नाही. शिवाय डीएनएस लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही. म्हणून इंग्रजीची 26 अक्षरे आणि 2 ते 7 हे आकडे, अशा 32 चिन्हांत माहिती लिहिण्याची ‘बेस-32’ ही पद्धत इथे सोयीची पडते. तिच्यात माहितीची पाच बाइट्स आठ अक्षरांत मावतात. उदाहरणार्थ, `THANE` ही पाच अक्षरे बेस-32 मध्ये `kreectsf` अशी होतात. चोराचा प्रोग्राम मग `kreectsf.example.net` या नावाचा पत्ता विचारतो आणि पलीकडचा सर्व्हर त्यातून `THANE` पुन्हा मिळवतो.

चोराचे डोमेन, टिंबे आणि क्रमांकासाठी लागणारी थोडी जागा वजा केली, तर एका नावात सुमारे 225 अक्षरे, म्हणजे जेमतेम 140 बाइट्स बसतात. एक मेगाबाइट माहिती बाहेर काढायला अशी सात हजारांहून अधिक नावे लागतात. त्यातले प्रत्येक नाव नवे असावे लागते, हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. रिझॉल्व्हर एकदा मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवतो. तेच नाव पुन्हा विचारले, तर तो साठ्यातले उत्तर देतो आणि क्वेरी बाहेर जातच नाही. म्हणून चोराला नावे लांब ठेवावी लागतात, किंवा पुष्कळ विचारावी लागतात, किंवा कमालीचा धीर धरावा लागतो. या तिन्हींतून त्याची सुटका नाही, आणि बचाव करणाऱ्यांच्या सगळ्या पद्धती याच अडचणीवर उभ्या आहेत.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘मल्टिग्रेन’ हे मालवेअर. फायरआय या सुरक्षा कंपनीने त्याचे वर्णन एप्रिल 2016 मध्ये प्रसिद्ध केले. दुकानांतल्या कार्ड-व्यवहारांच्या संगणकांवर डल्ला मारणाऱ्या ‘न्यूपॉसथिंग्ज’ या जुन्या कुळातला हा प्रकार. तो `multi.exe` या एकाच प्रोग्रामच्या शोधात असे. कार्ड-व्यवहारांना मंजुरी मिळवून देणाऱ्या एका प्रचलित सॉफ्टवेअरचा हा भाग होता. तो प्रोग्राम संगणकावर नसेल, तर मल्टिग्रेन स्वतःला पुसून टाके. सापडला, तर त्याच्या मेमरीत डोकावून कार्डाच्या चुंबकीय पट्टीवरची माहिती उचले. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि काही संकेतांक असलेला पट्टीवरचा हा दुसरा ट्रॅक जास्तीत जास्त 40 अक्षरांचा असतो.

पुढचे टप्पे मागकाढूंच्या दृष्टीने फार बोलके आहेत. संगणकात बस्तान बसताच मल्टिग्रेन `install` ने सुरू होणारी एक क्वेरी पाठवी. संगणकाचे नाव आणि त्याची ओळख पटवणारा संकेत तिच्यात गुंफलेला असे. नंतर प्रत्येक कार्डाची नोंद 1024 बिटांच्या आरएसए किल्लीने कुलूपबंद केली जाई, बेस-32 च्या एका खास बदललेल्या रूपात लिहिली जाई आणि साठवली जाई. दर पाच मिनिटांनी साठा तपासून त्यातली प्रत्येक नोंद `log` ने सुरू होणाऱ्या क्वेरीतून बाहेर पडे. वेबचा किंवा फाइल पाठवण्याचा दुसरा कोणताही मार्ग हे मालवेअर वापरत नसे.

इथे थोडे गणित केले की चोराची अडचण उघडी पडते. आरएसएची 1024 बिटांची किल्ली वापरली की आत 40 बाइट्स असोत वा चार, बाहेर पडणारा ठोकळा 128 बाइट्सचाच असतो. तो बेस-32 मध्ये लिहायला 205 अक्षरे लागतात. एक तुकडा 63 अक्षरांचाच चालतो, म्हणून त्याचे किमान चार तुकडे करावे लागतात. मधली तीन टिंबे, पुढचे `log` आणि मागचे डोमेन धरून नाव सव्वादोनशे अक्षरांच्या आसपास जाते. `www.maharashtra.gov.in` मध्ये 22 अक्षरे आहेत. माहिती झाकण्यासाठी चोराने लावलेल्या कुलपानेच नाव दहापट लांब करून ठेवले.

अशा संगणकाच्या क्वेरींची नोंद, म्हणजे लॉग, साधारण पुढीलप्रमाणे दिसेल. नावे काल्पनिक आहेत आणि मधली अक्षरे गाळली आहेत.

```
11:00:02  10.20.4.17  A  time.example.org
11:05:00  10.20.4.17  A  log.mzq4t7...x2.k5d...example.net
11:05:01  10.20.4.17  A  log.c6wyb3...r7.ah2...example.net
11:10:00  10.20.4.17  A  log.uf5gs2...p4.t7n...example.net
```

पहिली खूण लांबीची. ती मोजायला सोपी आहे आणि मल्टिग्रेनसारख्या चोराला ती एकटीच पकडू शकते. पण लांबीवर एकटीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण मोठ्या क्लाउड सेवांची आणि जाहिरात कंपन्यांची कितीतरी प्रामाणिक नावे बरीच लांब असतात.

दुसरी खूण म्हणजे अक्षरांची विस्कळीत मांडणी. तिचे माप एन्ट्रॉपी या राशीने घेतात. नावातले पुढचे अक्षर ओळखणे किती कठीण आहे, ते ही राशी बिटांत सांगते. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आले तर ती शून्य, आणि 32 चिन्हे सारख्याच प्रमाणात आली तर पाच. `maharashtra` मध्ये चार वेळा `a` येतो, म्हणून त्याची एन्ट्रॉपी 2.37 भरते. बेस-32 मधला 63 अक्षरांचा कुलूपबंद तुकडा साडेचारच्या पुढे जातो. मल्टिग्रेनने बेस-32 ची चिन्हे बदलून घेतली होती, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने उलगडू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नसे. एन्ट्रॉपीला मात्र त्याने फरक पडत नाही. कोणते चिन्ह कशासाठी वापरले हे ती पाहतच नाही, फक्त चिन्हांची वाटणी कशी आहे एवढेच पाहते.

एन्ट्रॉपीवर भिस्त ठेवणारे मात्र एका जागी हमखास फसतात. आठ अक्षरांच्या नावाची एन्ट्रॉपी काही केले तरी तीनच्या वर जात नाही. `kolhapur` मधली आठही अक्षरे वेगळी आहेत, म्हणून तिची एन्ट्रॉपी पूर्ण तीन येते. `THANE` चे गुप्त रूप `kreectsf` मात्र 2.75 वरच थांबते, कारण त्यात `e` दोनदा आला आहे. या मापाने कोल्हापूर संशयित ठरते आणि चोर सुटतो. आखूड नावांना हे माप लावूच नये. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही रिझॉल्व्हर बनावट उत्तरांपासून बचाव म्हणून बाहेर जाणाऱ्या नावातली अक्षरे मुद्दाम लहान-मोठी करतात. लॉग तिथे घेतला असेल, तर सगळी अक्षरे आधी लहान करून घेतल्याशिवाय मोजलेली एन्ट्रॉपी फुगलेली येते आणि साधी नावेही संशयित दिसतात.

यापेक्षा भक्कम खूण एकेका नावात नसून नावांच्या समूहात असते. एखाद्या संगणकाने एका तासात एकाच डोमेनखालची किती वेगवेगळी नावे विचारली, हे मोजायचे. साध्या वापरात माणसे तीच ती नावे पुन्हा विचारतात. बातम्यांच्या एखाद्या संकेतस्थळाखाली पाच-दहा नावे येतील, फार तर वीस. बोगद्यातून जाणाऱ्या क्वेरींत जवळजवळ प्रत्येक नाव पहिल्यांदाच विचारलेले आणि पुन्हा कधीही न विचारले जाणारे असते. शंभर क्वेरींमागे शंभर वेगळी नावे, हे प्रमाण चोराला टाळता येत नाही. नाव पुन्हा वापरले तर रिझॉल्व्हर ते आतच अडवतो, हे वर आलेच आहे. नावे आखूड केली तर त्यांची संख्या वाढते आणि हे मोजमाप उलट अधिक ठळक होते. कोणत्या खुणेपासून सुरुवात करावी असे विचारले, तर उत्तर ही खूण असे द्यावे लागेल.

हे मोजताना ‘एकच डोमेन’ कशाला म्हणायचे, हे नीट ठरवावे लागते. नावाचे शेवटचे दोन भाग घेणे पुरेसे वाटते आणि `.com` साठी ते चालतेही. भारतात मात्र ते फसते. `co.in` खाली असंख्य कंपन्या आहेत आणि `gov.in` खाली सरकारी संकेतस्थळे. शेवटचे दोनच भाग घेतले, तर या सगळ्यांची नावे एका गठ्ठ्यात पडतात आणि खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो. लोकांना डोमेन नोंदवता येईल अशा शेवटांची ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ नावाची सार्वजनिक यादी आहे. गठ्ठे तिच्या आधाराने पाडावेत.

तिसरी खूण वेळेची आणि त्यानंतर घडणाऱ्या गोष्टींची. मल्टिग्रेनच्या क्वेरी पाच मिनिटांच्या पटीत येतात. माणूस असा वागत नाही. दुसरे म्हणजे पत्ता विचारणारा संगणक लगेच त्या पत्त्याशी बोलू लागतो, पत्ता मागण्याचे कारणच ते असते. शेकडो पत्ते विचारले आणि त्यांतल्या एकाकडेही वळला नाही, तर त्याला पत्ता नकोच होता. काही प्रकारांत उत्तर म्हणून ‘असे नाव नाही’ एवढेच येत राहते. तशा उत्तरांची रांग हीसुद्धा खूण आहे.

दोन्ही बाजूंनी वाहणारे बोगदे याहून गलबला करतात. 2006 पासून उपलब्ध असलेले ‘आयोडीन’ हे साधन डीएनएसमधून पूर्ण इंटरनेट जोडणी ओढून नेते. उत्तरातही भरपूर माहिती यावी म्हणून ते साध्या पत्त्याऐवजी `TXT` किंवा `NULL` अशा प्रकारची उत्तरे मागू शकते. `NULL` तर एरवी कोणीच मागत नाही. शिवाय सर्व्हर आपणहून बोलू शकत नाही, म्हणून संगणकाला ‘काही निरोप आहे का’ असे सतत विचारत राहावे लागते. बोगदा रिकामा असला तरी क्वेरींची रांग थांबत नाही. मल्टिग्रेन फक्त पाठवणारे होते. त्याला साध्या `A` प्रकारच्या क्वेरी पुरेशा होत्या, त्यामुळे केवळ क्वेरीच्या प्रकारावर नजर ठेवणाऱ्याच्या हातून ते निसटले असते.

खोटे इशारे कुठून येतात, हे जाणणे खूण ओळखण्याइतकेच गरजेचे आहे. काही अँटीव्हायरस कंपन्या फाइलची अंकी ओळख नावात गुंफून ‘ही फाइल घातक आहे का’ असे डीएनएसमधूनच विचारतात. मेल सर्व्हर पाठवणाऱ्याचा अंकी पत्ता उलटा लिहून तो स्पॅमच्या काळ्या यादीत आहे का, ते याच मार्गाने पाहतात. लांब किंवा असंख्य नवी नावे आणि नंतर कुठलीच जोडणी नाही, हे बोगद्याचेच वर्णन इथेही लागू पडते, कारण तंत्र खरोखर तेच आहे. फरक विचारणाऱ्यांत सापडतो. अँटीव्हायरसच्या क्वेरी तो बसवलेल्या सगळ्या संगणकांवरून येतात, काळ्या यादीच्या फक्त मेल सर्व्हरवरून. संस्थेतल्या एक-दोनच संगणकांना माहीत असलेले, अलीकडेच नोंदवलेले आणि कोणत्याही सॉफ्टवेअरशी नाते न लागणारे डोमेन दिसले, तर संशय पक्का होतो.

म्हणूनच लॉग कुठे घेतला, यावर सारे अवलंबून असते. फायरवॉलपाशी घेतलेल्या लॉगमध्ये प्रत्येक क्वेरी रिझॉल्व्हरच्याच नावावर दिसते. कोणत्या संगणकाने विचारले ते हरवते आणि वरचे निम्मे मोजमाप करताच येत नाही. लॉग आतल्या रिझॉल्व्हरवर, मूळ संगणकाच्या पत्त्यासह घ्यावा लागतो. संगणकांना बाहेरच्या कोणत्याही रिझॉल्व्हरशी थेट बोलता येणार नाही, याचीही व्यवस्था करावी लागते. नावांची चौकशी वेबच्या कूटबद्ध जोडणीतून करण्याची पद्धत 2018 मध्ये प्रमाणित झाली. वापरणाऱ्याच्या खासगीपणासाठी ती चांगली आहे, पण मालवेअरने ती वापरली तर आतल्या लॉगमध्ये एकही ओळ उमटत नाही.

सर्वात अवघड चोर तो, ज्याला घाई नाही. दर तासाला आठ अक्षरांचे एकच नाव पाठवले, तर दिवसाला 120 बाइट्स बाहेर जातात. कार्डाची 40 बाइट्सची नोंद उघडीच पाठवली, तर दिवसाला तीन कार्डे. कार्डांच्या धंद्यात एवढ्यावर चोराचे भागणार नाही, पण एखादा पासवर्ड किंवा किल्ली चोरायला हा वेग भरपूर आहे. डिसेंबर 2020 मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणातले ‘सनबर्स्ट’ हे मालवेअर याच पठडीतले होते. ते आधी दोन आठवड्यांपर्यंत निपचित पडून राही. मग `avsvmcloud.com` या डोमेनखालच्या, क्लाउड सेवेच्या वाटाव्यात अशा नावांतून त्या संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कचे नाव तेवढे गुंफून पाठवी. तासाभराच्या मोजणीत अशा क्वेरी वर येतच नाहीत. मात्र जगभरच्या रिझॉल्व्हरांवरून जमा झालेल्या जुन्या डीएनएस नोंदी उपलब्ध होत्या. गुंफण्याची पद्धत उकलल्यावर संशोधकांनी त्या नोंदींतूनच कितीतरी बाधित संस्थांची नावे वाचून काढली. मोजणीची खिडकी तासाऐवजी महिन्याची करायची, तर लॉग तितके महिने जपलेला असावा लागतो.

कार्ड-व्यवहारांच्या सर्व्हरपुरता याहून सोपा उपाय आहे. असा सर्व्हर बँक, वेळ आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा अशा मोजक्याच नावांशी बोलतो. त्या नावांची यादी रिझॉल्व्हरवर ठेवून बाकी सगळे नाकारले, तर `log` ने सुरू होणारी क्वेरी दारातच थांबते आणि नाकारलेल्या क्वेरीची नोंद हाच इशारा होतो. माणसे वापरतात त्या संगणकांना हा उपाय लावता येत नाही. तिथे मोजणीच करावी लागते.

चोरी सापडल्यावर रिझॉल्व्हरवर ते डोमेन बंद करतात, पण त्याआधी लॉग जपून ठेवतात. मल्टिग्रेनच्या बाबतीत नावांतला मजकूर उघडता येत नाही, कारण आरएसएची उघडणारी किल्ली चोराकडे असते. तरीही लॉग महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरे देतो. `install` ची क्वेरी चोर केव्हा शिरला ते सांगते आणि विचारणाऱ्याचा पत्ता कोणता संगणक बाधित आहे ते सांगतो. एका क्वेरीत एकच कार्ड असते. उत्तर यायला उशीर झाला की संगणक तेच नाव पुन्हा विचारतो, म्हणून अशा पुनरावृत्ती वगळून `log` ने सुरू होणारी वेगळी नावे मोजायची. किती कार्डांच्या नोंदी बाहेर गेल्या, याचा जवळचा अंदाज त्या संख्येतून येतो. क्वेरींच्या वेळा त्या सर्व्हरवरच्या व्यवहारांशी जुळवल्या, की कोणत्या ग्राहकांची कार्डे रद्द करावीत, याची यादी बँकेला देता येते.